स्ट्रीमिंग स्टिक फोनवरून वाय-फायला जोडताना या चुका टाळा

फोनवर ‘कनेक्ट होऊ शकलं नाही’ असं आलं की बहुतेक जण आधी पासवर्ड पुन्हा टाकतात आणि मग थेट स्टिक रीसेट करतात. रीसेटची घाई करू नका. आधी टीव्हीवर काय दिसतंय ते बघा, कारण गाडी कुठे अडली ते तिथेच कळतं.

टीव्हीवर अजून क्यूआर कोड किंवा ‘फोन शोधत आहे’ असंच दिसत असेल, तर वाय-फायची माहिती स्टिकपर्यंत पोचलेलीच नाही. या टप्प्यावर फोन बहुधा ब्लूटूथवरून स्टिकला शोधतो. ब्लूटूथ चालू असूनही ती सापडत नसेल, तर सेटअपच्या अ‍ॅपला दिलेल्या परवानग्या तपासा. अँड्रॉइड ११ पर्यंत अशा शोधासाठी लोकेशन लागतं, त्यापुढच्या आवृत्त्यांत ‘जवळची डिव्हाइस’ ही वेगळी परवानगी आहे. पहिल्यांदा घाईत ‘नको’ दाबलं असेल, तर अ‍ॅप पुन्हा विचारेलच असं नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती हातानेच द्यावी लागते.

कोड जुळला, पण टीव्ही ‘वाय-फायशी जोडत आहे’वर अडकला, तर स्टिकला नेटवर्क दिसतंय का ते बघा. समजा राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचं `Ghar` आणि ५ गिगाहर्ट्झचं `Ghar_5G` अशी दोन नावं आहेत. फोन दुसऱ्यावर आहे, म्हणून अ‍ॅपने तेच स्टिकला दिलं. स्टिक जुनी असेल आणि तिला फक्त २.४ गिगाहर्ट्झच कळत असेल, तर पासवर्ड कितीही बरोबर असला तरी ती जोडली जाणार नाही. अ‍ॅपमध्ये `Ghar` निवडा, किंवा फोन आधी त्यावर घेऊन मग सेटअप करा. काम झाल्यावर फोन खुशाल `Ghar_5G`वर न्या. राउटर एकच असल्यामुळे सहसा दोघं एकमेकांना दिसत राहतात.

तिसरी अडचण सगळ्यांत जास्त चकवते: टीव्ही म्हणतो ‘जोडलं’, फोन म्हणतो ‘डिव्हाइस सापडत नाही’. इथे स्टिक निर्दोष असते. माहिती दिल्यावर फोनला तिला त्याच नेटवर्कवर पुन्हा शोधायचं असतं आणि नेमका फोनच दुसरीकडे असतो. कधी व्हीपीएन चालू असतं, कधी फोन मोबाइल डेटावर घसरलेला असतो, कधी तो पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वाय-फायवर असतो. गेस्ट वाय-फायवरची उपकरणं बरेच राउटर मुद्दाम एकमेकांपासून तोडून ठेवतात. व्हीपीएन आणि मोबाइल डेटा बंद करा, मुख्य वाय-फाय निवडा आणि अ‍ॅप पुन्हा उघडा. आयफोन असेल तर अ‍ॅपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी आहे ना, तेही बघा.

घरी वाय-फाय नसेल आणि हॉटस्पॉट वापरायचा असेल, तर सेटअप दुसऱ्या फोनवरून करा. हॉटस्पॉट देणारा फोन स्वतः त्या वाय-फायला जोडलेला नसतो, म्हणून बऱ्याच अ‍ॅपना द्यायला नेटवर्कच मिळत नाही.