पिंजऱ्यातला तिसरा माणूस : ओळख परेड आणि न्यायालयातली ओळख

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा एखाद्या साक्षीदाराने भर न्यायालयात आरोपीकडे बोट दाखवलेले जवळून पाहिले. खटला जबरी चोरीचा होता. पारोळ्याकडून अमळनेरकडे येणाऱ्या रस्त्यावर डिसेंबरात संध्याकाळी साडेसातच्या सुमारास कापसाच्या एका व्यापाऱ्याच्या मुनिमाची गाडी तिघांनी अडवली, डोळ्यांत मिरचीपूड फेकली आणि एक लाख ऐंशी हजारांची पिशवी हिसकावून ते मोटारसायकलवरून पसार झाले. (कोणाची ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील मी बदलले आहेत.) घटनेला चार वर्षे झाली होती. सरकारी वकिलांनी विचारले, तेव्हा गाडीच्या चालकाने आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिले आणि ठामपणे म्हणाला, "हाऊ तिसरा व्हता." लघुलेखकाने नोंदवले की न्यायालयात हजर असलेला आरोपी क्रमांक ३ हाच तो इसम आहे. आम्ही याच आरोपी क्रमांक ३ च्या बाजूने होतो, आणि खटला हातचा गेला या समजुतीने मी कपाळाला हात लावला.

माझे सीनियर, ज्यांना बाररूममध्ये सगळे नानाच म्हणत, शांतपणे उलटतपासाला उठले आणि चारच प्रश्न विचारून खाली बसले. पिंजऱ्यात आज किती जण बसले आहेत? तीन. तुमच्यावर हल्ला किती जणांनी केला, असे तुम्ही सांगता? तीन. घटनेनंतर आजपर्यंत या माणसाला इतर माणसांत उभे करून तुम्हाला ओळखायला कोणी सांगितले होते का? नाही. आजच्या आधी तुम्ही याला केव्हा पाहिले होते? त्या संध्याकाळी. त्यावर मला "मग ओळखले कसे?" हा पाचवा प्रश्न विचारावासा वाटला आणि मी नानांच्या कानाशी वाकलोही, पण त्यांनी माझ्या काळ्या कोटाची बाही धरून मला खाली बसवले. हा प्रश्न नवख्या वकिलाने कधीही विचारू नये, कारण त्याचे उत्तर देताना साक्षीदार नाक, भुवया, चालणे असे काहीबाही सांगून आपल्या ओळखीला आधार मिळवून देतो आणि तो आधार आपणच त्याच्या हातात दिलेला असतो.

हा सगळा विषय समजून घेताना विद्यार्थ्यांची गफलत एका ठिकाणी होते. कायद्यात मूळ पुरावा न्यायालयात शपथेवर केलेली ओळख हाच आहे. संशयिताला त्याच्यासारख्या इतर माणसांत उभे करून कारागृहात घेतलेली ओळख परेड हा मूळ पुरावा नव्हे. पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे, परेडमधली ओळख केवळ संबद्ध तथ्य म्हणून पुढे येते आणि न्यायालयातल्या ओळखीला दुजोरा देण्यापुरती वापरता येते. परेडमध्ये ओळखणारा साक्षीदार न्यायालयात ओळखू शकला नाही, तर परेडच्या कागदावर एकट्याने शिक्षा टिकत नाही. तरीही अनोळखी आरोपीला साक्षीदार पहिल्यांदाच न्यायालयात ओळखत असेल, तर त्या मूळ पुराव्याला वजन जवळजवळ नसते. १९७९ सालच्या कानन विरुद्ध केरळ राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा ओळखीला, आधीच्या परेडचा आधार नसल्यास, किंमत नाही असेच म्हटले आहे. मूळ पुरावा कमजोर आणि दुय्यम कागद त्याला जोर देणारा, हे कोडे मला कागदावर कधी नीट सुटले नव्हते, ते त्या चार प्रश्नांनी सुटले. आरोपीच्या पिंजऱ्यात बसलेल्यांकडे बोट दाखवताना चुकायला जागाच नसते. साक्षीदाराला कोणत्या खटल्यासाठी समन्स आले ते माहीत असते, पिंजऱ्यात कोण बसतात तेही माहीत असते, आणि वर्षे उलटून गेल्यावर त्याला चेहरा आठवतो की पिंजरा दिसतो, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. परेडमध्ये मात्र त्याला चुकता येते. म्हणून तिथे तो बरोबर आला, तर त्याला अर्थ उरतो.

परेडचे दोन उपयोग आहेत आणि दोन्ही तपासाच्या टप्प्यावरचे आहेत. एक म्हणजे तपास योग्य माणसावर चालला आहे की नाही, याची तपासी अंमलदाराला खात्री व्हावी. दुसरा म्हणजे साक्षीदाराची आठवण ताजी असतानाच तिची परीक्षा व्हावी. अटक केलेल्या व्यक्तीने परेडला सामोरे जावे असा आदेश पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या विनंतीवरून न्यायालय देऊ शकते. ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ मध्ये आहे. आपल्याकडे परेड कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुधा नायब तहसीलदार, कारागृहात घेतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये तिची रीत दिली आहे: एका संशयितासोबत किमान सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसे, दोन संशयित असतील तर दहा-बारा, आणि शक्यतो दोनपेक्षा जास्त संशयित एकाच परेडमध्ये घेऊ नयेत. डमी वयाने, उंचीने, चेहरेपट्टीने साधारण सारखे हवेत. रांगेत कुठे उभे राहायचे ते संशयिताने ठरवायचे, आणि दुसरा साक्षीदार आत येण्याआधी त्याला जागा व कपडे बदलायची मुभा असते. दोन पंच हजर असतात, साक्षीदार एकमेकांपासून वेगळे ठेवले जातात, आणि पोलीस त्या जागी नसतात. ही शेवटची अट शिष्टाचाराची नाही. साक्षीदाराने पोलिसांना उद्देशून ओळख सांगितली, तर ते पोलिसांपुढचे निवेदन ठरते आणि ते पुरावा म्हणून वापरण्याला असलेली जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२ ची, आताच्या संहितेच्या कलम १८१ ची, मनाई त्याला लागू होते. १९५५ च्या रामकिशन मिठनलाल शर्मा विरुद्ध मुंबई राज्य या निकालात हा मुद्दा तपशीलवार आहे.

आमच्या खटल्यातला परेडचा पंचनामा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो निर्दोष वाटला होता, कारण त्यात 'सारख्या वयाचे व चेहरेपट्टीचे बारा इसम' असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते. नानांनी मला पंचनाम्याचा मजकूर सोडून डमींच्या नावांपुढचा वयाचा रकाना वाचायला सांगितला. परेडमध्ये उभे केलेले पहिले दोन्ही आरोपी पंचविशीतले होते. बारा डमींपैकी चौघांची वये चाळीस ते अठ्ठेचाळीस होती. म्हणजे साक्षीदारापुढे चौदा जण उभे असले, तरी त्याला निवड करायची होती ती दहा जणांतून. यावर परेड मोडीत निघत नाही, पण तिचे वजन उतरते, आणि ते किती उतरले हे न्यायाधीशांना दाखवायला हाताशी आकडा असतो.

परेडला खरा धक्का मात्र मुनिमाच्या उलटतपासात बसला. पहिले दोन आरोपी घटनेनंतर एकोणीस दिवसांनी सापडले होते आणि परेड त्यांच्या अटकेनंतर बावन्न दिवसांनी झाली. नुसता उशीर घातक नसतो. त्याचे कारण दिलेले नसणे आणि मधल्या काळात साक्षीदाराला आरोपी दिसण्याची संधी असणे, हे घातक असते. पहिल्या आरोपीच्या वकिलांनी मुनिमाला सहज विचारावे तसे विचारले की पिशवी सापडल्यावर ती ओळखायला तुम्हाला ठाण्यात बोलावले होते का. मुनीम साधा माणूस. तो म्हणाला, बोलावले होते, आणि त्या दिवशी हे दोघे तिथेच बाकावर बसलेले होते. फिर्यादीला आरोपी दाखवायचा असा कोणाचा हेतू असेलच असे मला अजूनही वाटत नाही. लहान ठाण्यात बाक एकच असतो. पण हेतू काहीही असला, तरी मुनिमाने कारागृहात ज्यांच्या खांद्याला हात लावला ते त्याला रस्त्यावरून आठवले की बाकावरून, हे आता कोणीच सांगू शकत नव्हते. १९९८ च्या शेख उमर अहमद शेख विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, आरोपी आधीच साक्षीदारांना दाखवलेले असतील तर परेडला अर्थ उरत नाही, हेच तत्त्व आहे.

आमचा तिसरा आरोपी आठ महिन्यांनी पकडला गेला. तोवर तपासी अंमलदाराची बदली झाली होती, पुरवणी दोषारोपपत्र दाखल झाले आणि परेड राहूनच गेली. शिवाय फिर्यादीतच लिहिलेले होते की तिसरा इसम मोटारसायकल चालू ठेवून पाठमोरा बसला होता व त्याने तोंडाला रुमाल बांधला होता. परेड झाली असती, तरी चालकाने त्याला कशावरून ओळखले असते, हा प्रश्न राहिलाच असता. म्हणून नवख्यांनी परेडच्या कागदांआधी फिर्याद वाचावी आणि उजेड कसला होता, अंतर किती होते, चेहरा किती वेळ दिसला आणि कोणाचे वर्णन दिले आहे, एवढेच आधी टिपून घ्यावे.

परेड नाही म्हणून आरोपी सुटलाच, असा मात्र नियम नाही, आणि बचावाच्या कैफात आपण हे विसरतो. आरोपी आधीपासून ओळखीचा असेल किंवा जागीच पकडला गेला असेल, तर परेडची गरजच नसते. २००३ च्या मलखानसिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की परेड घेणे कायद्याने बंधनकारक नाही, दुजोरा मागणे हा सावधगिरीचा नियम आहे, आणि साक्षीदार इतका विश्वासार्ह असेल तर न्यायालय दुजोऱ्याविनाही ओळख मान्य करू शकते. तिथे गुन्हा दिवसाढवळ्या घडला होता आणि पीडितेला आरोपींचे चेहरे पाहायला पुरेसा अवधी मिळाला होता. रुमाल बांधलेल्या पाठमोऱ्या माणसाला हा निकाल लावता येत नाही, एवढेच नानांनी युक्तिवादात सांगितले.

बचावाचे काम खरे तर रिमांडच्या पहिल्याच दिवशी सुरू होते. आरोपीला न्यायालयात आणताना चेहरा झाकलेला होता का, रिमांड अहवालात परेड घ्यायची असल्याचा उल्लेख आहे का, हे तेव्हाच पाहावे. त्याला पोलीस पथकासोबत उभे करून काढलेला फोटो वर्तमानपत्रात किंवा व्हॉट्सॲपवर फिरला असेल, तर ते कात्रण तारखेसह जपून ठेवावे आणि तशी हरकत अर्जाने नोंदवावी. चार वर्षांनी तोंडी केलेली तक्रार कोणी ऐकत नाही. मात्र अशीलाला परेड नाकारायचा सल्ला देऊ नये; सबळ कारणाविना दिलेला नकार त्याच्याच विरुद्ध धरला जातो.

निकालात तिघांचे तीन रस्ते झाले. आरोपी क्रमांक २ ला परेडमध्ये फक्त मुनिमाने ओळखले होते, म्हणून बाकाच्या उत्तराने तो सुटला. क्रमांक ३ सुटला तो न्यायालयातली पहिलीच ओळख आणि रुमाल यांमुळे. क्रमांक १ ला शिक्षा झाली, कारण त्याला मुनिमाबरोबरच चालकानेही परेडमध्ये ओळखले होते, चालक ठाण्यात कधी गेलाच नव्हता, आणि पिशवी त्याच्याच निवेदनावरून काढून दिलेली होती. त्याच्या वकिलांनी वयाच्या रकान्यावर बराच भर दिला. पण साक्षीला आलेल्या नायब तहसीलदारांनी सांगितले की मुनीम बाहेर गेल्यावर या आरोपीने शेजारच्या डमीशी शर्टाची अदलाबदल केली होती आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला होता. तरीही चालक थेट त्याच्यापाशी गेला, हे वाक्य निकालपत्रात जसेच्या तसे आले आहे.