दहा-दहाचा एकदिवसीय सेल: या चुका टाळा

१०.१० या तारखेत एक सोय आहे, जी चटकन लक्षात येत नाही. काही देशांत दिवस आधी लिहितात, काही ठिकाणी महिना आधी. ९.१० असं लिहिलं तर एकाला ते ९ ऑक्टोबर वाटतं, दुसऱ्याला १० सप्टेंबर. दहा-दहा मात्र कुठूनही वाचा, १० ऑक्टोबरच. महिन्याचं नाव लिहायला नको, त्यामुळे लहानशा बॅनरवरही तारीख मोठ्या अक्षरांत बसते आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते. तारखेचं काम इथे संपतं. बहुतेक सेल फसतात ते तिच्याकडून याहून जास्त अपेक्षा ठेवल्यामुळे.

या प्रकारातला सर्वांत गाजलेला दिवस म्हणजे ११.११. अलीबाबा या चिनी ऑनलाइन विक्री कंपनीने २००९ मध्ये त्या दिवशी पहिला सेल लावला, तेव्हा त्यात २७ विक्रेते होते. पण चीनमधले तरुण त्याआधीपासून हा दिवस एकट्यांचा दिवस म्हणून पाळत होते. चार एकटे एक शेजारी उभे, अशी त्यामागची कल्पना. म्हणजे तारखेला अर्थ आधी आला आणि सेल नंतर. दहा-दहाला असा तयार अर्थ नाही. म्हणून ‘१०.१० येतोय!’ एवढाच संदेश पाठवला तर वाचणारा ‘बरं, मग?’ म्हणतो आणि पुढे सरकतो. तारखेशेजारी त्याच ओळीत काय मिळणार हे यायला हवं: कोणत्या प्रकारच्या वस्तू, किती सूट, किती वाजेपर्यंत.

तारीख दहा, म्हणून सूटही दहा

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आकडा जुळतो म्हणून १० टक्के सूट ठरते, मग ती पुरेशी वाटत नाही म्हणून ‘कूपन लावल्यास आणखी १० टक्के’ जोडलं जातं. जाहिरात छान दिसते. हिशोब काय म्हणतो ते पाहू.

समजा, एका वस्तूची विक्री किंमत १००० आहे. खरेदी ६२०, पॅकिंग आणि पाठवणी ९०, ऑनलाइन पेमेंटचं शुल्क २ टक्के म्हणजे २०, आणि परत येणाऱ्या मालाचा सरासरी भार ४०. हातात राहतात २३०. किंमत १० टक्क्यांनी कमी केली की विक्री ९०० ची, पेमेंट शुल्क १८, बाकी खर्च तेवढाच. उरतात १३२. सूट ग्राहकाला दहा टक्के वाटते, पण तुमचा नफा चाळीस टक्क्यांहून जास्त घसरतो. वर कूपनचे १० टक्के लागले की किंमत ८१० होते आणि हातात उरतात ४४.

म्हणजे सूट न देता १०० ऑर्डरींतून जेवढं मिळत होतं, तेवढ्यासाठी पहिल्या सवलतीत १७५ ऑर्डरी लागतील आणि दुहेरी सवलतीत ५२३. दुहेरी सूट लावण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: एका दिवसात नेहमीच्या पाचपट पार्सलं बांधायची आपली तयारी आहे का? जाहिरातीचा खर्च तर यात धरलेलाच नाही.

दहाचा आकडा वापरायचाच असेल तर तो सवलतीच्या टक्क्यांऐवजी दुसरीकडे ठेवा. दहाच निवडक वस्तू सेलमध्ये लावणं बरं, कारण तेवढ्यांचा साठा मोजून ठेवता येतो. किंवा १० टक्के सूट फक्त दोन वस्तू एकत्र घेतल्यावर द्या. वरच्याच उदाहरणात दोन वस्तूंची विक्री १८०० ची होते. खरेदी १२४०, पेमेंट शुल्क ३६, परतीचा भार ८०, आणि पार्सल एकच असल्याने पाठवणी १८० ऐवजी, समजा, ११०. उरतात ३३४, म्हणजे वस्तूमागे १६७. सूट तेवढीच, पण प्रत्येक वस्तूवर ३५ वाचले.

पंधरा दिवस आधी ढोल बडवणे

तारीख ठरलेली असल्याने सेलची घोषणा लवकर करण्याचा मोह होतो. सप्टेंबरच्या शेवटी ‘१०.१० ला सगळ्यावर सूट’ असं सांगितलं की घेणारा ग्राहक थांबतो. १ ते ९ ऑक्टोबर दुकान सुस्त, १० तारखेला गर्दी आणि ११ पासून पुन्हा सुस्त. १० तारखेचा आकडा पाहून सगळे खूश होतात, पण त्यातला मोठा भाग म्हणजे पूर्ण किमतीला होणारीच विक्री, फक्त एका दिवसावर ढकललेली आणि तीही स्वस्तात.

हे ओळखायचं असेल तर एक दिवस मोजू नका. १ ते २० ऑक्टोबरचा एकूण नफा काढा आणि त्याच्या शेजारी १ ते २० सप्टेंबरचा ठेवा. वीस दिवसांची बेरीज वाढली नसेल, तर सेलने विक्री वाढवली नाही, नुसती सरकवली.

उपाय सोपा आहे. तारीख, वस्तूंचा प्रकार, सूट आणि वेळ ७ ऑक्टोबरला सांगा, वस्तूंची नेमकी यादी ९ ला संध्याकाळी. नक्की कशावर सूट आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही, तर बाकीची खरेदी फारशी अडत नाही. दिवसभरात संदेश दोनच पुरेत: एक सकाळी, एक शेवटचे तीन तास उरल्यावर. सकाळचा संदेश १० वाजून १० मिनिटांनी पाठवण्याची हौस असेल तर जरूर भागवा. फक्त त्यात ‘सकाळी’ हा शब्द ठेवा, कारण ‘१०:१० ला खास ऑफर’ वाचून निम्मे लोक रात्री येतात.

‘१० तारखेला रात्री १२ पर्यंत’

हे वाक्य दोन प्रकारे वाचता येतं. १० तारीख सुरू होते ती रात्र, की संपते ती? ग्राहक आपल्या सोयीचा अर्थ घेतो आणि ११ तारखेला वाद घालतो. ‘१० ऑक्टोबर, रात्री ११:५९ पर्यंत’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे ११:५८ ला कार्टमध्ये टाकलेली वस्तू आणि १२:०३ ला पूर्ण झालेलं पेमेंट. कोणती किंमत लागणार हे आधी ठरवा. ऑर्डर तयार झाल्याची वेळ धरणं ग्राहकाला न्याय्य वाटतं, पण काही दुकानांच्या प्रणालीत पेमेंटच्या पायरीवर किंमत पुन्हा तपासली जाते आणि रक्कम ऐनवेळी वाढते. जाहिरातीत ११:५९ लिहून प्रत्यक्षात सवलत १२:१५ ला बंद करणं हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग. पंधरा मिनिटांत फार काही जात नाही, तक्रारी मात्र वाचतात.

उलट चूकही होते. वेग वाढवण्यासाठी पानाची साठवलेली प्रत दाखवली जाते, ती चार तासांची असेल तर सेल संपल्यावरही यादीत जुनी, कमी किंमत दिसते आणि कार्टमध्ये पूर्ण किंमत लागते. लक्षण ठरलेलं: ‘आत गेल्यावर किंमत बदलली’ अशा तक्रारी १२ नंतर तासाभरात येऊ लागतात. सेलच्या आदल्या दिवशी हा साठवण-काळ पाच मिनिटांवर आणा, आणि सुरुवातीला व शेवटी साठवलेल्या प्रती हाताने पुसा.

संगणकाचा दहावा महिना

सेल आपोआप चालू-बंद होणार असेल तर तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, वेळ. सर्व्हर बऱ्याचदा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. तुमचे ग्राहक त्याच्या सात तास पुढे असतील आणि सेटिंगमध्ये नुसतं ००:०० लिहिलं, तर सेल त्यांच्याकडे सकाळी ७ ला सुरू होतो आणि ११ तारखेला सकाळी ७ पर्यंत चालतो. ग्राहक जगभर असतील तर आणखी एक गंमत: सर्वांत पुढच्या वेळपट्टीपासून सर्वांत मागच्यापर्यंत मोजलं तर १० ऑक्टोबर पृथ्वीवर एकूण ५० तास असतो. म्हणून जाहिरातीत वेळेसोबत कुठली वेळ तेही लिहा.

दुसरं जावास्क्रिप्टमधलं, आणि ते खास या तारखांनाच चकवतं. तिथे महिने शून्यापासून मोजतात, म्हणजे जानेवारी ० आणि ऑक्टोबर ९.

```
new Date(2026, 10, 10)   // १० नोव्हेंबर
new Date(2026, 9, 10)    // १० ऑक्टोबर
new Date("2026-10-10T00:00:00+07:00")   // स्पष्ट
```

पहिली ओळ डोळ्यांना अगदी बरोबर दिसते, तपासणाऱ्यालाही. उलटगणती मग महिनाभर जास्त दाखवते, आणि ‘३१ दिवस जास्त’ हे लक्षात आलं की समजा हीच चूक आहे. १२.१२ ला तर `new Date(2026, 12, 12)` थेट पुढच्या वर्षीच्या १२ जानेवारीवर जातं, कुठलीही त्रुटी न दाखवता. तिसऱ्या ओळीसारखी पूर्ण तारीख आणि वेळेचा फरक लिहिणं सुरक्षित.

तिसरं, क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी सर्व्हरवर काम आपोआप सुरू करणारी सोय.

```
0 0 10 10 *
```

इथे महिना १ पासून मोजतात, त्यामुळे तारीख बरोबर आहे. पण या ओळीत वर्षाला जागाच नाही. ती काढायची राहिली तर पुढच्या १० ऑक्टोबरला, कोणी काही न ठरवता, जुन्या किमतींचा सेल चालू होतो. ११ तारखेच्या कामांच्या यादीत ‘क्रॉनची ओळ काढणे’ हे पहिलं लिहा.

कूपन 1010

सगळ्यांच्या मनात पहिला हाच कोड येतो, आणि अडचणही तीच. सूट शोधणारा माणूस तो अंदाजाने टाकून बघतो, त्यामुळे ८ तारखेलाच कोड चालू असेल तर सवलत तेव्हापासून जाते. `TEN1O` सारखे कोड तर टाळाच, शून्य आणि ओ यांत कोणालाही फरक दिसत नाही. मराठी कीबोर्डवरून कोणी १०१० टाइप केलं तर बहुतेक प्रणाली कोड चुकीचा ठरवतात, कारण देवनागरी अंक त्यांच्यासाठी वेगळी अक्षरं आहेत. सूट सगळ्यांनाच द्यायची असेल तर कोडच नको, कार्टमध्ये आपोआप लागू द्या. कोड ठेवायचा तर तो ठरावीक यादीतल्या ग्राहकांनाच द्या, प्रत्येकाला एकदाच वापरता येईल असा ठेवा, आणि त्याची सुरुवात व शेवट दोन्ही भरा. शेवटाचा रकाना रिकामा राहिलेला `1010` डिसेंबरातल्या ऑर्डरींमध्येही सापडतो.