शीतगृहाचा क्विंटलमागे खर्च: या चुका टाळा

तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाण्याची स्टोअरेजं जागोजागी आहेत. तरी ‘क्विंटलमागे महिन्याला खर्च किती?’ असं विचारलं की पुष्कळदा वर्षाच्या खर्चाला क्षमतेने भागून आलेला आकडा समोर येतो. भाड्याचा दर चुकतो तो तिथूनच.

समजा, १०,००० क्विंटल क्षमतेचं, भाड्याने घेतलेलं शीतगृह आहे. वर्षाचं वीजबिल १४.४ लाख, जागाभाडं १२ लाख, ऑपरेटर, वॉचमन आणि कारकुनाचे पगार ९ लाख, देखभाल, अमोनिया, डिझेल, विमा असं बाकीचं ३.६ लाख. एकूण ३९ लाख. क्षमतेने आणि १२ महिन्यांनी भागलं तर क्विंटलला ३२.५० रुपये येतात. मग माल ठेवणाऱ्याला महिन्याला ४५ रुपये दर लावला की साडेबारा रुपये सुटले असं वाटतं.

पण माल बाराही महिने भरलेला नसतो. एप्रिलमध्ये ७,००० क्विंटल, मे-जूनला ९,५००, मग सौदे होत जातात तसा माल उतरत जाऊन फेब्रुवारीत फक्त १,५०० उरतो. प्रत्येक महिन्याचा साठा मिळवत गेलो आणि बेरीज ६५,००० आली, असं धरू. हे झाले ‘क्विंटल-महिने’. पूर्ण भरलेलं असतं तर १,२०,००० झाले असते, म्हणजे वर्षाची भरती ५४ टक्के. ३९ लाखांना ६५,००० ने भागा: ६० रुपये. ४५ च्या दराने दर क्विंटल-महिन्याला १५ रुपये खिशातून जातायत. मे महिन्यातली ९५ टक्के भरती डोळ्यांसमोर ठेवून दर ठरवणाऱ्याला हे वर्षअखेरीस कळतं.

वीज मालाच्या प्रमाणात कमी होईल असं धरू नका

मे महिन्याचं बिल १.६० लाख आलं, तर सहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी माल असलेल्या फेब्रुवारीत ते २५-३० हजारांवर येईल, असं मानणारे भेटतात. प्रत्यक्षात ८५ हजार आलं तरी नवल नाही. भिंती-छतातून शिरणारी उष्णता, पंखे, पंप यांना आत किती बॉक्स आहेत याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. शिवाय महावितरणच्या उच्चदाब बिलात मागणी आकार, म्हणजे एका वेळी घेतलेल्या विजेच्या सर्वाधिक भारावरचा आकार, वेगळा असतो. चालू महिन्याची मागणी कमी असली तरी मागच्या ११ महिन्यांतल्या सर्वाधिक बिलिंग मागणीच्या ७५ टक्क्यांपर्यंत आकारणी होऊ शकते. आवकेच्या दिवसांत सगळे कॉम्प्रेसर एकदम चालवले की त्याचा भार हिवाळ्यातल्या बिलातही दिसतो, तो असा.

भाडं, पगार आणि बाकीचे मिळून महिन्याला २.०५ लाख धरले आणि त्यात वर दिलेली वीजबिलं मिळवली तर मे महिन्यात क्विंटलला साधारण ३८ रुपये पडतात, फेब्रुवारीत १९३. उपाय एकच, पण त्यासाठी हमाली सोसावी लागते: डिसेंबरपासून उरलेला माल एका चेंबरमध्ये गोळा करायचा आणि बाकीची बंद करायची. वाचलेली वीज हलवण्याच्या हमालीपेक्षा जास्त होते का, एवढं आधी बघा.

माल कमी झाला, बाहेर थंडीही पडली, तरी नोव्हेंबर-डिसेंबरला युनिट घटत नसतील तर दोष हिशेबात नाही. दाराचं रबर, कॉइलवर साठलेला बर्फ आणि मळलेला कंडेन्सर तपासा.

एकदाचा खर्च महिन्याच्या दरात मिसळू नका

३५ अंशांवर आलेला १०० क्विंटल बेदाणा ५ अंशांवर आणायला ढोबळ ५५ युनिट लागतात. युनिट ९ रुपयांनी धरलं तर क्विंटलला ५ रुपये. बेदाणा वाळलेला माल, त्यामुळे बटाट्यासारखा तो आत श्वास घेऊन सतत उष्णता सोडत नाही. एकदा गार झाला की काम संपलं. चढ-उताराची हमालीही एकदाचीच. सहा महिने राहणाऱ्या मालावर हे फारसं जाणवत नाही, पण महिन्याभरात उचलणाऱ्याकडून तो खर्च वेगळा घ्यायला हवा.

जागा स्वतःची असली तरी भाडं शून्य लिहू नका. दुसऱ्याला दिली असती तर जे आलं असतं ते धरा. घरचा मुलगा ऑपरेटर असेल तर त्याचा पगारही.

दर कमी करताना ६० चा आकडा आंधळेपणाने वापरू नका

डिसेंबरमध्ये एखादा व्यापारी ३०० क्विंटल घेऊन येतो आणि ३० रुपयांत ठेवा म्हणतो. चालू चेंबरमध्ये जागा असेल तर वाढीव खर्च गार करण्याचा आणि हमालीचा, एवढाच. भाडं-पगार तसेही द्यायचेच आहेत. घ्या. पण त्याच्यासाठी बंद चेंबर सुरू करावं लागलं आणि त्याची वीज महिन्याला २० हजार असेल, तर ९ हजारांच्या भाड्यासाठी ११ हजार घालवताय. त्याला सरळ नाही म्हणा, नाहीतर जुना माल सरकवून चालू चेंबरमध्येच जागा करा.