उत्तर तिथेच, सगळ्यांसमोर द्या

व्यावसायिक गटात कोणी अडचण मांडली की बरेच तज्ज्ञ ‘मला पर्सनल मेसेज करा’ एवढंच लिहून मोकळे होतात. वाचणाऱ्याला त्यात गिऱ्हाईक शोधणं दिसतं, ज्ञान दिसत नाही.

समजा, कोणी विचारलं, ‘इंडेक्स असूनही पोस्टग्रेसमधली क्वेरी अचानक मंदावली, काय करू?’ लगेच उपाय सांगू नका. आधी त्याच्याकडून `EXPLAIN ANALYZE` चं आउटपुट मागा. त्यात अंदाजे ओळी १० आणि प्रत्यक्षात २ लाख दिसल्या, तर टेबलाची आकडेवारी जुनी झाली असण्याची शक्यता सांगा आणि त्या टेबलावर `ANALYZE` चालवून पुन्हा तपासायला सुचवा. मग मर्यादाही लिहा: एकमेकांशी निगडित कॉलम एकाच अटीत असतील, तर एवढ्याने भागणार नाही, `CREATE STATISTICS` लागू शकतं. आपला उपाय कुठे थांबतो हे सांगणाऱ्याचं पुढचं उत्तर लोक जास्त विश्वासाने वाचतात.

उत्तराखाली कंपनीची लिंक नको. प्रोफाइलमध्ये ती असतेच, ज्याला हवी तो बघतो. मात्र सुचवलेलं साधन तुमचंच असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि सोबत एखादा दुसरा पर्यायही द्या. ग्राहकाच्या कामातलं उदाहरण देताना टेबलांची नावंसुद्धा बदला, कारण त्यांवरूनही ग्राहक ओळखू येतो.

दोन-तीन दिवसांनी ‘फरक पडला का?’ विचारा. नसेल पडला, तर पुढचा तपासही तिथेच करा.