बिन कार्ड एक सांगते, लेजर दुसरे: तुटीची किंमत कशी काढायची?

स्टॉक मोजणीत जस्ती तार भरली 428 किलो. बिन कार्डावर शिल्लक 460, स्टोअर्स लेजरमध्ये 500. मग तूट 32 किलो की 72? यातला कुठलाही आकडा इतक्यात उचलू नका. आधी दोन्ही वह्या एकमेकींशी जुळवा, किंमत नंतर.

बिन कार्ड स्टोअरकीपर मालाच्या हालचालीबरोबर भरतो, लेजर लेखा विभाग कागद हातात आल्यावर भरतो. त्यामुळे बराचसा फरक वाटेत अडकलेल्या कागदांचा असतो. मोजणीच्या क्षणापर्यंतच्या माल पावत्या आणि इश्यू स्लिपा क्रमांकाने लावा आणि प्रत्येकीची नोंद दोन्हीकडे आहे का, ते बघा.

या तारेत तीन गोष्टी सापडल्या. 100 किलोची आवक लेजरला नव्हती, कारण बिल यायचे होते. नंतर 160 किलो तार दिल्याची स्लिपही लेजरला चढली नव्हती. उलट 20 किलोची एक स्लिप लेजरला होती, पण बिन कार्डावर राहून गेली होती. दुरुस्तीनंतर लेजर 500 + 100 − 160 = 440, बिन कार्ड 460 − 20 = 440. म्हणजे खरी तूट 12 किलो.

आता दर. लेजर भारित सरासरीवर चालते आणि 500 किलोंची किंमत 60,000 रुपये, म्हणजे किलोला 120. तोच दर तुटीला लावण्याची चूक फार होते. राहिलेल्या नोंदी आधी तारखेच्या क्रमाने चढवा. आवक 150 रुपये दराने आली, म्हणून 600 किलो, 75,000 रुपये, दर 125. मग 160 किलो इश्यू 20,000 रुपयांचा. उरले 440 किलो, 55,000 रुपये. तूट 12 × 125 = 1,500 रुपये. क्रम उलटा झाला असता, इश्यू आधी आणि आवक नंतर, तर दर सुमारे 126.82 आला असता. म्हणून स्लिपांवरच्या तारखा नीट वाचा.

तूट लिहून टाकण्याआधी शेजारचा रॅक मोजा. एका गेजची तार कमी आणि लगतच्या गेजची तेवढीच जास्त निघाली, तर चुकीच्या गेजची तार दिली गेल्याचा संशय घ्या. मात्र दोन्ही गेजचे दर वेगळे असतील, तर किलो जुळले तरी रुपये जुळणार नाहीत.

इथे शेजारी काही जास्त निघाले नाही. तुकडे कापून देताना होणारी घट मोजणीआधीच ठरलेल्या प्रमाणानुसार 8 किलो बसते. तिचे 1,000 रुपये कारखाना उपरिव्ययात जातात. उरलेल्या 4 किलोंना कारण मिळाले नाही, तर ते 500 रुपये असाधारण नुकसान म्हणून कॉस्टिंग नफा-तोटा खात्याला नावे टाका, उत्पादनाच्या खर्चात नको. मंजुरीची सही झाल्यावर बिन कार्डावर 12 किलो आणि लेजरला 12 किलो व 1,500 रुपये कमी करा. लेजरमध्ये 428 किलो, 53,500 रुपये उरतात. भागून दर पुन्हा 125 येतो का बघा. नाही आला, तर कुठेतरी जुन्या दराने नोंद झाली आहे.