वायफाय रडतंय? आधी लॅपटॉपशेजारची हार्डडिस्क काढून बघा, या चुका टाळा

आमचं घर सदाशिव पेठेतल्या जुन्या बिल्डिंगमध्ये, भिंती जाडजूड, राउटर हॉलमध्ये आणि मी आतल्या खोलीत, त्यामुळे 5 गिगाहर्ट्झ तिथपर्यंत धड पोचत नाही आणि लॅपटॉप 2.4 वरच असतो. गेल्या महिन्यात बॅकअप सुरू केला की मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायला लागायचा. मी पहिली चूक केली ती म्हणजे नेटवाल्याला फोन करून भांडलो. बिचाऱ्याची लाईन अगदी ठणठणीत होती.

खरा चोर लॅपटॉपला चिकटून ठेवलेली यूएसबी 3 ची हार्डडिस्क. यूएसबी 3 चा डेटा 5 गिगाबिटच्या वेगाने धावतो आणि त्याचा रेडिओ गोंगाट 2.4 च्या पट्ट्यातही सांडतो, कनेक्टरमधून, केबलमधून, डिस्कच्या डबीतूनही. इंटेलने 2012 मध्येच यावर पेपर काढला होता. लॅपटॉपचा वायफाय अँटेना तिथून वीतभर अंतरावर, मग दोन भिंती ओलांडून आलेला राउटरचा बारीक आवाज त्याला ऐकू येणार कसा?

दुसरी चूक, वायफायच्या दांड्यांवर विश्वास. राउटरचा सिग्नल कमी झालेलाच नसतो, त्यामुळे दांड्या फुल्ल दिसू शकतात, फक्त मागचा गोंगाट वाढलेला असतो. म्हणून स्पीड टेस्टच्या नादी न लागता विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून राउटरलाच पिंग करा, तो किती वेळात उत्तर देतो ते बघा, म्हणजे बाहेरच्या लाईनचा प्रश्नच येत नाही (पत्ता तुमच्या राउटरचा टाका):

```
ping -t 192.168.1.1
```

माझ्याकडे डिस्क काढलेली असताना 3-4 मिलिसेकंदात उत्तर येत होतं, डिस्क लावून मोठी फाईल कॉपी करायला घेतली की 200 च्या वर आणि मधेमधे `Request timed out.` दोनतीनदा लावून-काढून बघा, दरवेळी तसंच झालं तर दुखणं हेच. वायरलेस माऊसचा डोंगल 2.4 चा असेल आणि माऊसही अडखळत असेल तर मग शंकाच नको.

तिसरी चूक राउटरचा चॅनल 1 वरून 6, 6 वरून 11 असा फिरवत बसणं. शेजाऱ्याच्या वायफायची गर्दी असेल तर त्याने फरक पडतो, पण हा गोंगाट सगळ्या पट्ट्यावर पसरलेला असतो, पळून जाणार कुठे.

मी मीटरभराची चांगली शिल्डवाली केबल घेतली आणि डिस्क टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेली, पिंग परत जागेवर. हबचंही तेच, आणि डोंगल हबमध्ये डिस्कच्या शेजारी तर अजिबात खोचू नका. केबल नसेल तर डिस्क यूएसबी 2 च्या पोर्टला लावा, कॉपी रखडेल पण मीटिंग तरी निभेल. लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झवर टाकता येत असेल तर एवढा खटाटोपच नको, आमच्या भिंतींनी तो रस्ता बंद केलाय.