मुलीच्या आईवडिलांना पत्र लिहिताय? या चुका टाळा

मी ३१ वर्षं पुण्यात शाळेत मराठी शिकवलं. तेव्हाची मुलं आता लग्नाची झाली आहेत आणि त्यातली काही जण एका ठरावीक कामासाठी माझ्याकडे येतात. मुलामुलीचं आपसात ठरलेलं असतं, मुलीनं घरी सांगितलेलं असतं आणि तिचे वडील म्हणालेले असतात, "आधी त्याला सगळं नीट लिहून पाठवू दे, मग बघू." मग दोन कागद घेऊन मुलगा येतो आणि म्हणतो, "बाई, जरा शुद्धलेखन बघता का?" शुद्धलेखन बहुतेक वेळा बरं असतं. चुका दुसरीकडे असतात, आणि इतकी पत्रं वाचल्यावर सांगते, त्या सगळ्यांच्या सारख्याच असतात.

मायन्याचं आधी उरकते. "तीर्थरूप आई-बाबा" असं लिहू नका. तीर्थरूप आपल्या स्वतःच्या आईवडिलांना लिहितात. आईवडिलांच्या ठिकाणी असलेल्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप लिहितात, पण तेही तुम्ही अजून लिहू नये असं माझं मत आहे. जे नातं त्यांनी अजून मान्य केलेलं नाही, ते पहिल्याच ओळीत घेऊन टाकल्यासारखं होतं. "आदरणीय" लिहा, पुढे दोघांचीही नावं लिहा आणि "सा. न. वि. वि." घाला. पत्र फक्त वडिलांच्या नावानं लिहून शेवटी "काकूंनाही नमस्कार" ही फार जुनी चूक आहे. शेवटी "आपला होणारा जावई" तर कधीच नको. नुसतं "आपला" आणि त्याखाली पूर्ण नाव पुरतं.

आता ज्या चुकीसाठी हे लिहायला बसले, ती. अर्धं खरं लिहिणं.

माझा सख्खा भाचा तासगावजवळच्या गावचा. वडिलांची दोन एकर द्राक्षबाग, हा हिंजवडीत नोकरीला, कर्वेनगरला दोन मित्रांसोबत भाड्यानं राहणारा. मुलगी सहकारनगरची, वडील बँकेतून निवृत्त झालेले, आणि शेवटची बरीच वर्षं त्यांनी कर्जविभागात काढलेली. भाच्यानं पत्रात लिहिलं होतं, "मोशीला माझा स्वतःचा टू बीएचके आहे. वार्षिक पॅकेज ११ लाख आहे." मी ते पत्र वाचलं, दोन वाक्यं सरळ केली, एक वेलांटी दुरुस्त केली आणि छान झालंय म्हणून परत दिलं. भाषा तपासली, मजकूर तपासला नाही. ती चूक माझीही होती.

तिच्या वडिलांनी पत्र वाचलं आणि जेवणाच्या टेबलाशीच मोबाइल काढला. प्रकल्पाचं नाव मुलीला माहीत होतं. ते महारेराच्या संकेतस्थळावर टाकलं तर इमारत पूर्ण व्हायला अजून दीड वर्ष होतं, आणि ही तारीखही एकदा पुढे ढकललेली होती. त्यांनी मुलीला एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं?" तिला माहीत होतं. फ्लॅट थोरल्या भावासोबत संयुक्त नावावर आहे, हेही माहीत होतं. ती गप्प बसली. पुढचे पाच महिने त्या घरात हा विषय निघाला नाही.

इथं नीट लक्ष द्या. भाच्याचं वाक्य खोटं नव्हतं. करारनाम्यावर त्याचं नाव होतं. वडिलांना राग फ्लॅट अपुरा असल्याचा आलाच नाही, पुण्यात निम्मी तरुण मुलं अशीच फ्लॅट घेतात हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांना लागलं ते हे, की पत्र वाचत असताना आपली मुलगी समोर बसून सगळं जाणत होती आणि बोलली नाही. तुम्ही पत्रात एक गोष्ट झाकली की ती झाकण्यात तिला सामील करून घेता, तेही तिच्याच घरात, तिच्याच माणसांसमोर. तुमच्यावरचा राग निवळेल, पण तिच्यावरचा विश्वास परत मिळवायला तिला एकटीला झगडावं लागतं, आणि तिथं तुम्ही मदतीला नसता.

पाच महिन्यांनी दुसरं पत्र लिहिलं, तेव्हा मी त्याला समोर बसवला. प्रत्येक वाक्यानंतर विचारायचे, "हे वाचून ते पुढचा प्रश्न काय विचारतील?" आणि त्या प्रश्नाचं उत्तर लगेच खाली लिहायला लावायचे. माझी पद्धत म्हणाल तर एवढीच. त्यातला पैशांचा परिच्छेद त्याच्या परवानगीनं देते:

"माझं पॅकेज ११ लाखांचं आहे, पण त्यात कंपनीचा पीएफ आणि वर्षअखेरीचा बोनस धरलेला आहे. दरमहा हातात ६९ हजार येतात. मोशीचा फ्लॅट मी आणि थोरल्या भावानं मिळून घेतला आहे. एकूण कर्ज ३६ लाखांचं, २० वर्षांचं. बांधकामाप्रमाणे आजवर २२ लाख उचलले आहेत आणि त्याचं व्याज महिना साडेपंधरा हजार जातं. पूर्ण कर्ज उचलल्यावर हप्ता ३१ हजारांच्या आसपास होईल, त्यातले १० हजार भाऊ देणार आहे. ताबा पुढच्या वर्षअखेरीस अपेक्षित आहे, लांबूही शकतो. तोवर आम्ही भाड्यानं राहू. घरी दर महिन्याला ८ हजार पाठवतो आणि लग्नानंतरही पाठवणार आहे."

शेवटचं वाक्य त्याला नको होतं. म्हणाला, "मावशी, हे आत्ताच कशाला?" मी म्हटलं, कारण हे तू करणारच आहेस. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात हे कळलं तर भांडण होईल, आत्ता कळलं तर ती तुझ्या घरची माहिती आहे.

म्हणजे सगळंच लिहायचं का? नाही. आधीच्या मैत्रिणी लिहायच्या नसतात, ते तुमचं आणि तिचं. मोडलेला साखरपुडा लिहायचा, कारण तो चार लोकांत झालेला असतो. घटस्फोट झाला असेल तर तो पहिल्या पानावर. नाहीतरी नोंदणी विवाहाच्या नोटिशीत अविवाहित की घटस्फोटित ते लिहावंच लागतं. कायमचं औषध चालू असेल तर लिहायचं. घरातल्या दुसऱ्या कोणाचं व्यसन किंवा आजारपण मात्र कागदावर घालू नका. ते त्या माणसाचं आहे, भेटीत तोंडी सांगा.

जात वेगळी असेल तर एका वाक्यात सांगून मोकळे व्हा. "आमचं घर माळी समाजाचं आहे, घरी मांसाहार होतो." बस. त्यापुढे समाजसुधारणेवर अर्धं पान लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. वाचणाऱ्याला वाटतं, हा आपल्याला आधीच मागासलेलं ठरवून बसलाय.

दुसरी मोठी चूक हेतू सांगताना होते. "मी तिला आयुष्यभर सुखात ठेवीन, तिच्या डोळ्यांत पाणी येऊ देणार नाही." हे प्रत्येक पत्रात असतं आणि यातून काहीही कळत नाही. आईवडिलांना जे कळायला हवं असतं ते फार साधं असतं. लग्न कधीच्या सुमारास करायचा विचार आहे? ती तिची नोकरी चालू ठेवणार का? कंपनीनं परदेशी पाठवलं तर काय? तुमचे आईवडील थकले की गावी कोण जाणार? यातल्या ज्यांचं उत्तर तुम्ही दोघांनी ठरवलंय ते लिहा, आणि ज्याचं ठरलं नाही त्यापुढे "हे आमचं अजून ठरलेलं नाही" असं सरळ लिहा. हे वाक्य लिहायला मुलं फार घाबरतात. पण ते वाचल्यावर बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो. आणि हो, ही उत्तरं आधी तिला दाखवा. "ती नोकरी सोडणार नाही" हे तिनं म्हणायचं, तुम्ही परस्पर जाहीर करायचं नाही.

याच भागात काही जण धमकी देऊन बसतात आणि ती धमकी आहे हे त्यांना उमगतही नाही. गेल्या वर्षी एकानं लिहून आणलं होतं, "आम्ही विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस दिली आहे, तरी आपला आशीर्वाद असावा." १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न झालं नाही तर ती रद्द होते. म्हणजे पत्र हातात पडलं तेव्हा घड्याळ सुरू झालेलंच होतं. आशीर्वाद मागायचा आणि मुदतही घालायची, हे एका पत्रात बसत नाही. मुलगी सज्ञान आहे, निर्णय तुमचा आहे, ते मला पूर्ण मान्य आहे. विरोध होऊन दुसरा रस्ताच उरला नाही तर जरूर नोटीस द्या. पण मग ते कळवण्याचं पत्र असतं, ओळख करून देण्याचं नसतं. पत्र आधी पाठवा, उत्तराला वेळ द्या, नोटिशीचं मग बघा.

हातानं लिहा, दोन पानांच्या वर जाऊ नका. पगाराची पावती सोबत जोडू नका, मागितली तर द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवू नका, तो रात्रीपर्यंत काकाच्या आणि मामाच्या मोबाइलवर पोचलेला असतो. इंटरनेटवरून उतरवलेला नमुना तर मला दोन ओळींत ओळखू येतो, मग त्यांना येणार नाही का? एका संध्याकाळी लिहून दुसऱ्या दिवशी टाकायची घाई करणाऱ्यांना मी परत पाठवते. आठवडाभर पत्र घरात पडू द्या, आठव्या दिवशी परत वाचा. एखादं वाक्य तरी तुम्हालाच खोटं वाटेल.

पाठवल्यावर गप्प राहणं सगळ्यांना जड जातं. तिसऱ्या दिवशी "पत्र मिळालं का" म्हणून फोन, पाचव्या दिवशी तिच्याकडे चौकशी, "बाबा काही म्हणाले का?" तिला निरोप्या करू नका. भाच्याला मी महिनाभर थांबायला सांगितलं होतं. उत्तर अकराव्या दिवशी आलं, तिच्या वडिलांच्या बारीक अक्षरात, पाठपोट एक पान. त्यात तीन प्रश्न होते. बागेला पाणी कुठून येतं, त्याच्या आईला पुण्यात करमेल का, आणि भावाचं लग्न झालंय का. फ्लॅटबद्दल एकही नव्हता.